सोलापुरी टॉवेलचं ऑनलाइन दुकान पूर्णवेळ चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न अशा माणसासाठी आहेत ज्याला ऑनलाइन दुकान जोडधंदा म्हणून नव्हे, तर घर चालवण्यासाठी करायचं आहे. नुसती तत्त्वं सांगून हा धंदा समजत नाही, म्हणून सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: सोलापूरच्या यंत्रमागांवरून टेरी टॉवेल घ्यायचे आणि ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो अशा मार्केटप्लेसवर किंवा स्वतःच्या वेबसाइटवर विकायचे. खरेदीचे भाव, कमिशन आणि कुरिअरचे आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमचे आकडे टाकून तोच हिशोब पुन्हा करा.

टॉवेल विकत घेताना कारखानदाराला नेमकं काय सांगायचं?

"चांगला टॉवेल द्या" एवढं सांगितलं तर मिळणारा माल दर खेपेला वेगळा असतो. मागणी लेखी द्या, व्हॉट्सॲपवर दिली तरी चालेल, पण तिच्यात पाच गोष्टी हव्यात: आकार, जीएसएम, रंग (शेडकार्डवरच्या नंबरसह), काठाची शिलाई आणि नग. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. अंघोळीचा साधारण टॉवेल ७५ बाय १५० सेंटिमीटरचा असतो, म्हणजे १.१२५ चौरस मीटर. ४०० जीएसएमचा असेल तर त्याचं वजन ४५० ग्रॅम भरायला हवं.

हे वजन एवढं महत्त्वाचं का, तर टेरी टॉवेलचा घाऊक भाव बऱ्याचदा किलोवर ठरतो आणि तुम्ही विकता मात्र नगावर. टॉवेल ठरल्यापेक्षा जड आला तर खरेदीही महाग पडते आणि कुरिअरही. हलका आला तर ग्राहक "फोटोत जाड दिसत होता" म्हणून परत पाठवतो.

वजन फिनिशिंगनेही वाढतं. नव्या टॉवेलमध्ये कांजी किंवा सॉफ्टनर असतो आणि दमट हवेत सूत पाणी धरतं. म्हणून नमुन्याचे तीन टॉवेल आधी वजन करून, मापून ठेवा. ते तीनदा धुऊन, कडकडीत वाळवून पुन्हा वजन करा आणि मापा. लांबी १५० वरून १४१ वर आली तर आटणं ६ टक्के झालं. हा आकडा लिस्टिंगमध्ये, म्हणजे मार्केटप्लेसवरच्या त्या वस्तूच्या पानावर, सरळ लिहावा, तक्रारी कमी होतात. त्याच वेळी ओला पांढरा रुमाल गडद रंगाच्या टॉवेलवर जोर देऊन वीसेक वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर तो रंग मागवू नका. मरून आणि नेव्ही या दोन रंगांची ही परीक्षा कधीच टाळू नये.

पहिली खेप किती घ्यावी?

दोन टॉवेलचा एक सेट, तीन रंग, प्रत्येक रंगाचे ४० सेट. म्हणजे २४० टॉवेल, १०८ किलो. किलोला ३८० रुपये भाव धरला तर ४१,०४० रुपये आणि वर ५ टक्के जीएसटी, एकूण ४३,०९२. यापेक्षा कमी घेतलं तर कारखानदार तुमच्यासाठी वेगळा रंग लावणार नाही, शिल्लक पडलेला माल देईल. जास्त घेतलं तर न चालणाऱ्या रंगात पैसे अडकतील. तीनपैकी एक रंग हमखास पडून राहतो. तो कोणता, हे विकायला काढल्याशिवाय कळत नाही.

निर्यातीतून नाकारलेला माल स्वस्तात मिळतो आणि मोह होतो. तो प्रदर्शनात किंवा आठवडी बाजारात विकायला ठीक आहे. ऑनलाइन दुकानात मात्र एका लिस्टिंगवर महिनोन् महिने तोच माल द्यावा लागतो. निर्यातीचा लॉट संपला की तसाच पुन्हा मिळत नाही, आणि त्या लिस्टिंगवर जमलेली मानांकनं वाया जातात.

आणखी एक गोष्ट: "सोलापूर चादर" आणि "सोलापूर टेरी टॉवेल" या दोन्ही नावांना भौगोलिक मानांकन आहे. पानिपतहून आलेला टॉवेल सोलापुरी म्हणून विकणं ही ग्राहकाची फसवणूक आहे आणि कायद्यानेही गुन्हा आहे. खरेदीची बिलं सोलापूरची असतील तरच ते नाव लावा.

माल आल्यावर काय तपासायचं? प्रत्येक टॉवेल उघडून बघणं शक्य नाही.

गरजही नाही. ५०० नग आले असतील तर वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून ५० काढा. कपड्याच्या धंद्यात वापरल्या जाणाऱ्या नमुना-तपासणीच्या तक्त्यानुसार, नेहमीची पातळी धरली तर ५० मध्ये ३ पर्यंत दोषी नग चालतात. चौथा सापडला की खेप थांबवा आणि कारखानदाराशी बोला. दोष म्हणजे ओढलेले फासे, सुटलेली काठाची शिलाई, तेलाचा डाग, आणि वजनात किंवा मापात ५ टक्क्यांहून जास्त फरक.

सर्वांत जास्त नुकसान करणारा दोष मात्र एक टॉवेल बघून दिसतच नाही. तो म्हणजे दोन रंगाई-लॉटमधला शेडचा फरक. निळा टॉवेल एका घाण्यातून आणि दुसरा निळा टॉवेल पुढच्या घाण्यातून आला, तर वेगवेगळे बघताना दोन्ही ठीक वाटतात. एका सेटमध्ये शेजारी ठेवले की फरक लगेच उठून दिसतो. ग्राहक फोटो काढतो, एक तारा देतो आणि माल परत पाठवतो. म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर लॉट नंबर लिहून घ्या आणि एका सेटमध्ये दोन लॉट कधीही मिसळू नका. रंग दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बघा. पिवळ्या दिव्याखाली फरक लपतो.

पुन्हा माल कधी मागवायचा?

रोजची विक्री गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक आठवड्याची राखीव. रोज ६ सेट जात असतील आणि रंगाई, विणकाम, शिलाई, वाहतूक धरून १८ दिवस लागत असतील, तर १०८ सेट झाले. वर ४२ राखीव. शिल्लक १५० वर आली की त्याच दिवशी ऑर्डर द्या.

१८ दिवस हा शांत महिन्याचा आकडा आहे. दिवाळीआधी सगळे एकदम मागणी देतात, नंतर कामगार गावी जातात, आणि संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते. त्या दिवसांत कारखाना किती दिवस मंद राहील, हे एक महिना आधी फोन करून विचारून घ्या. माल संपला तर नुकसान फक्त बुडलेल्या विक्रीचं नसतं. मार्केटप्लेसवर लिस्टिंग बंद पडली की शोधात तुमचा क्रम घसरतो आणि तो परत मिळवायला जाहिरातीवर जास्त खर्च करावा लागतो.

कारखानदाराचे पैसे वेळेवर द्या. यात सचोटीचा भाग आहेच, शिवाय करही आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं देणं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. वर्षअखेरीस मुदत उलटलेली बाकी असेल, तर आयकराच्या नेहमीच्या हिशोबात ती रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाही.

६९९ रुपयांच्या सेटमागे खरंच किती उरतात?

मन लावून करावा असा हा हिशोब आहे, कारण बहुतेकांचा इथेच चुकतो.

दोन टॉवेल, ९०० ग्रॅम, ३४२ रुपये आणि जीएसटी १७, असे ३५९. सोलापूरहून वाहतूक, टॅग, पिशवी, लेबल मिळून २२. मार्केटप्लेसचं कमिशन आणि ठरावीक शुल्क ९०, कुरिअर ८५, एकूण १७५. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे साडेएकतीस. जाहिरात ५० आणि तिच्यावर जीएसटी ९. ही सगळी बेरीज ६४६ रुपये ५० पैसे होते. हातात साडेबावन्न उरतात.

वहीत मात्र ७७ दिसतात. कारण हिशोबनीस जीएसटी वगळून मांडणी करतो: ६९९ मधून ५ टक्के कर काढला की ६६६, त्यातून ५८९ खर्च वजा. मग मधले २४ रुपये कुठे गेले? ते जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या क्रेडिट खात्यात, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेल्या कराच्या जमेत, अडकले.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंतच्या टॉवेलवर ५ टक्के कर आहे. म्हणजे ग्राहकाकडून तुम्ही ३३ रुपये कर गोळा करता. पण खरेदीवर १७, शुल्कावर साडेएकतीस आणि जाहिरातीवर ९ असा जवळपास ५८ रुपये कर तुम्ही आधीच भरलेला असतो. सेवांवर १८ टक्के आणि मालावर ५ टक्के, त्यामुळे क्रेडिट दर ऑर्डरला साचत जातं. करदरातल्या अशा फरकापोटी मिळणारा परतावा फक्त मालावरच्या कराचा असतो, सेवांवरच्या कराचा नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा नियम कायम ठेवला. तुमच्या मालावर खरेदी आणि विक्री दोन्हीकडे ५ टक्केच आहे, त्यामुळे त्या वाटेने काहीच मिळत नाही.

म्हणून हे क्रेडिट खर्चच समजा. ते वापरात यायच्या दोन वाटा आहेत. एक, दुकानात १८ टक्के कराची एखादी वस्तू ठेवणं. दोन, परदेशी ऑर्डर. हमीपत्र भरून, कर न लावता निर्यात केली तर त्या प्रमाणात सेवांवरच्या कराचाही परतावा मागता येतो. परदेशातले मराठी लोक सोलापुरी चादर-टॉवेल मागवतात, पण टपालखर्चच मालाच्या किमतीच्या पुढे जातो, हे आधी बघा.

साडेबावन्न रुपयेही वाईट नाहीत. शंभर ऑर्डरला पाच हजार ना?

नाही. पाठवलेल्या शंभर पार्सलांपैकी शंभर ग्राहकाकडे राहत नाहीत. समजा ८० राहिली, १२ ग्राहकाने न घेता परत आली (यांना धंद्यात आरटीओ म्हणतात) आणि ८ ग्राहकाने घेऊन मग परत केली.

८० चे ४,२०० रुपये. आरटीओच्या १२ पार्सलांची फाटलेली पिशवी, नवं लेबल, अधूनमधून मळलेला नग, सरासरी ३० रुपये धरले तर ३६० गेले. ग्राहकाने परत केलेल्या ८ मध्ये प्रत्येकी १५० परतीचं शुल्क, त्यावर जीएसटी, आणि वापरलेला टॉवेल नवा म्हणून विकता येत नाही त्याचं सरासरी १२० नुकसान, असे २९७. आठांचे २,३७६. शिवाय परत आलेल्या २० ऑर्डरींच्या जाहिरातीचे ५९ रुपये प्रत्येकी आधीच खर्च झालेत, ते १,१८०.

४,२०० मधून हे सगळं वजा केलं की २८४ रुपये उरतात. शंभर पार्सलांमागे २८४. यात तुमची मेहनत, वीज, इंटरनेट, जागा अजून धरलेली नाही.

आता ८ च्या जागी ४ च ग्राहकांनी माल परत केला असं धरा. ८४ सेट राहिले, ४,४१०. त्यातून चार परतींचे १,१८८, आरटीओचे ३६०, वाया गेलेल्या जाहिरातीचे ९४४ वजा. उरले १,९१८. एकही ऑर्डर न वाढवता नफा पावणेसात पट झाला. म्हणून शेडचा फरक, आटण्याचा आकडा, वजनाचा खरेपणा यांवर वर एवढं लिहिलं. या धंद्यात नफा खरेदीच्या टेबलावर आणि पॅकिंगच्या टेबलावर ठरतो.

मग घर चालेल एवढं मिळवायचं कसं?

घरखर्चाला ४० हजार आणि दुकानाच्या जागा-वीज-हिशोबनीसाला १५ हजार लागतात असं धरू. शंभर ऑर्डरमागे १,९१८ उरत असतील तर महिन्याला २,८०० हून जास्त ऑर्डर लागतील. एका माणसाला ते जमणार नाही. इथे "अजून जाहिरात करू" हे उत्तर नाही. वस्तू बदलायला हवी.

कमिशनमधलं ठरावीक शुल्क, पॅकिंग आणि कुरिअर पार्सलला लागतात, टॉवेलला नाही. म्हणून एका पार्सलमध्ये जास्त किमतीचा माल बसवा. दोन अंघोळीच्या टॉवेलसोबत ४० बाय ६० सेंटिमीटरचे दोन हात पुसायचे टॉवेल घातले, तर वजन १९२ ग्रॅमने वाढतं आणि माल जीएसटीसह ४३६ रुपयांना पडतो. हा चारचा सेट ९९९ ला विकला, कमिशन १२०, कुरिअर १०५, त्यावर कर, जाहिरात करासह ९४, पॅकिंग-वाहतूक ३० धरली, तर ग्राहकाकडे राहिलेल्या पार्सलमागे १७३ रुपये उरतात. ८४ राहिले, ४ परत आले (प्रत्येकी ३६० नुकसान), १२ आरटीओ (प्रत्येकी ३५) आणि वाया गेलेली जाहिरात असा तोच हिशोब केला की शंभर पार्सलांमागे साधारण ११,१०० रुपये राहतात. महिन्याला ५०० पार्सलं, म्हणजे कामाच्या दिवशी २०. हे एका माणसाला जमतं.

९९९ च्या सेटला ६९९ च्या सेटएवढे ग्राहक मिळणार नाहीत, हे खरं आहे. पण ५०० मिळवणं २,८०० मिळवण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

कुरिअरचं शुल्क दर वेळी अंदाजापेक्षा जास्त का कापलं जातं?

शुल्क वजनाच्या टप्प्यांवर असतं, सहसा ५०० ग्रॅमच्या. दोन टॉवेलचा सेट ९०० ग्रॅम, पिशवी आणि टॅग ४० ग्रॅम, एकूण ९४०. एक किलोच्या टप्प्यात बसला. पण टॉवेल ८ टक्के जड आले तर ९७२ अधिक ४०, म्हणजे १,०१२ ग्रॅम, आणि दीड किलोचं शुल्क लागलं. बारा ग्रॅमसाठी नफ्याचा मोठा हिस्सा गेला.

दुसरं कारण आकारमान. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागतात आणि खऱ्या वजनापेक्षा तो आकडा जास्त असेल तर तोच धरतात. ३० बाय २५ बाय १० चं पार्सल दीड किलोचं ठरतं, आत ९४० ग्रॅमच असले तरी. तोच सेट दाबून ३० बाय २५ बाय ६ केला तर ९०० ग्रॅम येतात. टॉवेलला खोका लागत नाही. घट्ट घडी, आत पातळ पिशवी, बाहेर कुरिअरची जाड पिशवी पुरते. प्रत्येक प्रकारच्या पार्सलचा वजनकाट्यावरचा आणि मोजपट्टीसह फोटो काढून ठेवा. वजनाचा वाद घालताना तोच पुरावा लागतो, आणि वाद घालायची मुदत थोडे दिवसच असते.

एकाच मार्केटप्लेसवर ९० टक्के विक्री आहे. धोका किती?

धोका तीन प्रकारांनी येतो आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिला, खातं किंवा लिस्टिंग अचानक थांबवणं. कारण बहुधा कागदपत्रांचं असतं: "माल अस्सल असल्याची बिलं द्या", "पत्ता जुळत नाही". अशा वेळी साध्या कच्च्या पावत्या चालत नाहीत. कारखानदाराचा जीएसटी नंबर, तुमचं नाव-पत्ता आणि वस्तूचं तेच वर्णन असलेली पक्की बिलं किमान मागच्या वर्षभराची एका फोल्डरमध्ये ठेवा. खातं बंद झालं तर मधले पैसेही अडकतात, म्हणून खात्यात पडून असलेली रक्कम आणि वाटेत असलेला माल यांची बेरीज दर आठवड्याला लिहून ठेवा. ती बुडाली तर कारखानदाराचं देणं देता येईल का, हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर "नाही" असेल तर त्या ठिकाणी अजून माल पाठवू नका.

दुसरा, तुमच्याच लिस्टिंगवर दुसरा विक्रेता येऊन दहा रुपये कमी लावणं. ॲमेझॉनवर एका वस्तूचं एकच पान असतं आणि त्यावर अनेक विक्रेते येऊ शकतात. उपाय म्हणजे स्वतःचा ब्रँड. टॉवेल-चादरींसाठी ट्रेडमार्कचा वर्ग २४ आहे. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये. मग विणलेलं लेबल काठात शिवून घ्या. चिकटवलेला टॅग कुणीही लावू शकतो, शिवलेलं लेबल कारखान्यातच लागतं, त्यामुळे नक्कल पकडता येते.

तिसरा, शुल्क बदलणं. हे होतच राहतं, कधी खाली, बहुधा वर. ३० रुपयांच्या वाढीत तोट्यात जाणारी वस्तू मुळातच विकण्याजोगी नाही, असा नियम ठेवा. वरचा ६९९ चा सेट या परीक्षेत नापास होतो, ९९९ चा होत नाही.

मग सरळ स्वतःच्या वेबसाइटवर का विकू नये?

विकावं, पण कमिशन वाचेल या आशेने नव्हे. मार्केटप्लेसचं कमिशन गेलं की पेमेंट गेटवेचे साधारण दोन टक्के येतात आणि पहिला ग्राहक आणायचा जाहिरातखर्च दुप्पट-तिप्पट होतो. आरटीओही वाढतो, कारण घरपोच पैसे देणारा ग्राहक अनोळखी दुकानाची ऑर्डर सहज नाकारतो आणि इथे जाण्या-येण्याचं दोन्ही कुरिअर तुमच्या खिशातून जातं. म्हणून घरपोच पैशांच्या प्रत्येक ऑर्डरला पाठवण्याआधी फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर होकार घ्या, पत्त्यात खूण विचारा, आणि आधी पैसे देणाऱ्याला ४०-५० रुपये सूट द्या. ती सूट आरटीओच्या खर्चापेक्षा स्वस्त पडते.

वेबसाइटचा खरा फायदा दुसऱ्या खरेदीला होतो. ग्राहकाचा नंबर तुमच्याकडे असतो, त्याची परवानगी घेतलेली असते, आणि सहा-आठ महिन्यांनी त्याला चादरीचा फोटो पाठवता येतो. त्या ऑर्डरला जाहिरातखर्च शून्य. मार्केटप्लेसच्या पार्सलात स्वतःच्या वेबसाइटची चिठ्ठी टाकून ग्राहक वळवायचा प्रयत्न मात्र करू नका. तो त्यांच्या नियमांचा भंग आहे आणि त्यापायी खातं जाऊ शकतं. लॉज, हॉस्टेल, फिजिओथेरपीची केंद्रं, सलून असे डझनाने घेणारे ग्राहक वेबसाइटवर आणा. तिथे रिटर्न जवळजवळ नसतो.

जीएसटी नोंदणी लागतेच का? आणि कापलेला टीसीएस कुठे जातो?

मार्केटप्लेसवरून राज्याबाहेर विकायचं असेल तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. ऑक्टोबर २०२३ पासून फक्त राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला सूट आहे, पण फक्त महाराष्ट्रात टॉवेल विकून पूर्णवेळ दुकान चालणं कठीण.

मार्केटप्लेस तुमच्या पैशांतून आधीच कर कापून सरकारकडे भरतं: जीएसटीचा ०.५ टक्के टीसीएस आणि आयकराचा ०.१ टक्के टीडीएस. जीएसटीचा टीसीएस पोर्टलवर जाऊन दर महिन्याला स्वीकारावा लागतो, तेव्हाच तो रोख खात्यात जमा होतो. अनेक विक्रेते हे करतच नाहीत. आणि तुमचा कर क्रेडिटमधूनच भागत असल्यामुळे ही रोख रक्कम साचते. जादा रोख शिलकीचा परतावा मात्र मागता येतो, वर सांगितलेल्या क्रेडिटसारखी ती अडकत नाही. वर्षातून दोनदा अर्ज करा.

मार्केटप्लेसच्या गोदामात माल ठेवणार असाल तर ते गोदाम तुमच्या नोंदणीत जादा जागा म्हणून दाखवा. भिवंडीचं गोदाम महाराष्ट्राच्या नोंदणीत बसतं, बेंगळुरूच्या गोदामासाठी कर्नाटकची वेगळी नोंदणी लागते.

पहिला माणूस कधी ठेवायचा आणि कोणत्या कामाला?

पॅकिंगला. ग्राहकांशी बोलायला किंवा जाहिरात सांभाळायला नव्हे. एक सेट तपासून, घडी घालून, लेबल लावून पॅक करायला सहा-सात मिनिटं लागतात. २० पार्सलांना दोन-सव्वादोन तास. ४५ ला पाच तास. तिथे खरेदी आणि हिशोब मागे पडायला लागतात, आणि त्याचा परिणाम दोन महिन्यांनी रिटर्नच्या आकड्यात दिसतो. १४ हजार पगार धरला आणि पार्सलमागे १११ रुपये उरत असतील, तर महिन्याला १२६ जादा पार्सलं लागतात, रोज पाच. ही वाढ सलग तीन महिने टिकलेली असावी. फक्त दिवाळीच्या महिन्यावर माणूस ठेवू नये. पगार साडेसात हजारांच्या वर असेल तर व्यवसाय कराची नोंदणी लागते का, हे हिशोबनीसाला विचारा. महिला कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा २५ हजार आहे.

माणूस यायच्या आधी तुमच्या डोक्यात असलेलं सगळं कपाटावर उतरलं पाहिजे. प्रत्येक वस्तूला कोड द्या, उदाहरणार्थ:

```
BT4-NVY-L07
```

म्हणजे चारचा सेट, नेव्ही, लॉट ७. प्रत्येक कप्प्यावर हाच कोड मोठ्या अक्षरात चिकटवा. पॅकिंग करणाऱ्याने रंग ओळखायचा नाही, कोड जुळवायचा. "नेव्ही" आणि "गडद राखाडी" यांची अदलाबदल ही नव्या माणसाची नेहमीची चूक आहे, आणि तिचं कारण निष्काळजीपणा नसून संध्याकाळचा दिवा आहे. पॅकिंगच्या टेबलावर एक मोबाइल स्टँडला लावून प्रत्येक पार्सलचं चित्रण करा, लेबल आणि माल दोन्ही दिसतील असं. परत आलेलं पार्सल उघडतानाही तसंच. चुकीचा किंवा वापरलेला माल परत आला तर भरपाईचा दावा त्याच चित्रणावर टिकतो.

नव्या माणसाला मार्केटप्लेसचा मुख्य पासवर्ड देऊ नका. जवळपास प्रत्येक ठिकाणी वेगळा वापरकर्ता बनवून त्याला फक्त ऑर्डर आणि लेबलपुरती परवानगी देता येते. बँक खातं बदलायचा आणि किंमत बदलायचा अधिकार तुमच्याकडेच राहू द्या.

दुसरा-तिसरा माणूस, गोदाम, कंपनी. तिथपर्यंत जायला भांडवल किती लागतं?

पैसा किती दिवस फिरत राहतो ते मोजा. ऑर्डर देताना कारखानदाराला रक्कम दिली, माल १८ दिवसांनी आला, सरासरी २५ दिवस कपाटात राहिला, पोचायला ५ दिवस, आणि पोचल्यानंतर मार्केटप्लेसकडून पैसे यायला सात ते दहा दिवस. साधारण ५७ दिवस, आणि परत आलेल्या मालाचा फेरा धरला तर ६५. महिन्याला ५०० पार्सलं म्हणजे ४३६ रुपयांप्रमाणे २ लाख १८ हजारांचा माल. ६५ दिवसांसाठी ४ लाख ७० हजार फक्त मालात अडकतात. विक्री दुप्पट करायची असेल तर आणखी तेवढेच लागतात, आणि महिन्याचा ४० हजारांचा नफा घरखर्चात जात असल्यामुळे ते नफ्यातून येत नाहीत. नफ्यात असलेली दुकानं वाढीच्याच काळात रोखीअभावी बंद पडतात, त्यामागे हेच असतं.

म्हणून कर्ज काढायच्या आधी हे दिवस कमी करा. कारखानदाराशी अर्धी रक्कम आधी आणि अर्धी माल आल्यावर १५ दिवसांनी असं ठरवा. पाच रंग असतील तर सर्वांत मंद दोन बंद करा, कपाटातले २५ दिवस १८ वर येतात. त्या दोन बदलांनी १ लाख ७० हजारांच्या आसपास मोकळे होतात आणि त्यावर व्याज नसतं.

कंपनी किंवा भागीदारी करायची असेल तर ती लवकर करा. मालकी संस्थेची कंपनी झाली की पॅन बदलतो, म्हणून जीएसटी नोंदणी नवी आणि मार्केटप्लेसचं खातंही बहुधा नवं घ्यावं लागतं. विक्रेता म्हणून मिळालेलं मानांकन नव्या खात्यावर येईलच असं नाही. ट्रेडमार्कही नव्या संस्थेच्या नावावर करून घ्यावा लागतो. महिन्याला १०० पार्सलं असताना हा बदल आठवड्याभराचा त्रास असतो. १,००० असताना दिवाळीच्या तोंडावर तो करायला जाऊ नका, फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, आणि नवं खातं चालू होऊन पहिले पैसे बँकेत जमा होईपर्यंत जुनं बंद करू नका.